लेझीम शिकवायचीय? आधी आठ शिकवा, मग लेझीम हातात द्या

गॅदरिंग जवळ आलं, शिवजयंती आली किंवा परदेशातल्या मराठी मंडळाचा गणपती आला की कुणीतरी म्हणतंच, यंदा मुलांची लेझीम बसवूया. मग लेझमी येतात, मुलांना वाटल्या जातात आणि पुढची वीस मिनिटं नुसता खळखळाट, कारण ज्याच्या हातात लेझीम पडते तो ती वाजवणारच. म्हणून मी उलटं करते, पहिल्या दिवशी लेझीम दाखवायची पण द्यायची नाही. आधी आठ ठोक्यांचा हिशोब पायात बसला पाहिजे, नंतर हातात, आणि शेवटी लेझीम.

हा लेख शाळेतल्या, साध्या संथ लेझमीबद्दल आहे. घाटी लेझीम म्हणजे हलगी-कैताळावर पळणारा जोरकस प्रकार, ते वेगळंच प्रकरण आहे आणि नवख्यांनी तिथून सुरुवात करू नये. शाळेत हुकूम हिंदीत का असतात असं मुलं विचारतात, होशियार, आरंभ, चार आवाज, दो रुख वगैरे. हे सगळं व्यायामशाळांतनं शाळेत आलंय. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे, अशा ठिकाणी लेझीम ही मल्लखांब, लाठी यांच्या जोडीला कवायत म्हणूनच शिकवली गेली, नाच म्हणून नंतर. त्यामुळे हिच्यात मोजणं पहिल्यापासून आहेच, आपण ते फक्त उघड करून शिकवायचं.

सामानाचं पटकन सांगते. मुलांना दांडा साधारण १५ ते १८ इंचाचा पुरतो, त्याच्या दोन्ही टोकांना साखळी, साखळीत चकत्या, मधे धरायला मूठ. विकत घेताना प्रत्येक लेझमीची टोकाची कडी ओढून बघा, ती ढिली असेल तर तालमीत साखळी निसटते आणि शेजारच्याच्या तोंडावर जाते. डाव्या हातात दांडा मधोमध, उजव्या हातात साखळीची मूठ. बोटं दांड्याच्या साखळीकडच्या बाजूला पसरून ठेवायची नाहीत, बंद करताना चिमटा बसतो आणि तो बसला की ते पोरगं पुढे दोन दिवस घाबरत घाबरत वाजवतं.

आधी पाय

सगळ्यांना जागच्या जागी पावलं टाकायला लावा, एकला डावा पाय, दोनला उजवा, असं आठपर्यंत. आठ ही सम संख्या आहे म्हणून प्रत्येक नवा आठ डाव्या पायावरच सुरू होतो, आणि इथेच तुमचं चेकिंगचं हत्यार तयार होतं. कुणाचा "एक"ला उजवा पाय पडला तर त्याने मधे कुठेतरी एक ठोका खाल्लाय किंवा जास्तीचा घातलाय, तुम्हाला त्याचं मोजणं ऐकायची गरज नाही, पाय बघितला की कळतं. लहान मुलांच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधा, डावं-उजवं समजावण्यात जाणारा वेळ वाचतो. आणि शिकवताना मुलांकडे तोंड करून उभं राहू नका, पाठ करून त्यांच्याच दिशेने उभे राहा, नाहीतर तुमचा डावा त्यांना उजवीकडे दिसतो आणि अर्धा वर्ग आरशासारखा उलटा नाचतो.

मोजणं सगळ्यांनी मोठ्याने करायचं. इथे एक गंमत आहे जी पहिल्याच दिवशी लक्षात येते, एक ते आठमधले सगळे आकडे एका झटक्यात बोलता येतात, फक्त "सहा"ला दोन झटके लागतात. मुलं स-हाऽ असं ओढतात आणि सगळा वर्ग बरोबर सहावर रेंगाळतो, मग सातवर घाई करून भरपाई करतो. त्यामुळे मी "स्हा" असं आखूड म्हणायला लावते. ऐकायला विचित्र वाटतं, पण ताल लगेच सरळ होतो.

दुसरं म्हणजे कितवा आठ चाललाय हे कळलं पाहिजे, नाहीतर चार वेळा करायची गोष्ट कुणी तीनदा करतं कुणी पाचदा. त्यासाठी प्रत्येक आठच्या पहिल्या आकड्याच्या जागी त्या आठचा नंबर म्हणायचा. म्हणजे पहिला "एक दोन तीन चार पाच स्हा सात आठ", दुसरा "दोन दोन तीन चार पाच स्हा सात आठ", तिसरा "तीन दोन तीन चार", असं. पहिल्यांदा मुलं हसतात, दुसऱ्या तासाला त्यांना याच्याशिवाय करमत नाही. तिसरी-चौथीतल्या मुलांना यातनं आठचा पाढा आपोआप सापडतो, तीन आठ झाले म्हणजे किती पावलं पडली हे विचारलं की ती बोटं न मोजता चोवीस म्हणतात कारण चोवीस पावलं त्यांनी आत्ताच टाकलेली असतात.

मोठ्याने मोजणं जमलं की ते हळूहळू काढून घ्यायचं. आधी फक्त एक आणि पाच मोठ्याने, बाकी मनात. मग फक्त एक. मग एक आख्खा आठ गप्प आणि पुढच्या "एक"ला सगळ्यांची एकच टाळी. ती टाळी एकदम पडली तर ताल आत गेलाय. टाळी विस्कटली तर परत एक-पाचवर या. मी तरी या गप्प आठच्या आधी लेझमीची पिशवी उघडत नाही.

ढोल कुठे आणि कसा

ढोल वाजवणारा मुलगा किंवा मुलगी निवडताना सगळ्यात जोरात वाजवणारा घेऊ नका, जो वाजवताना मोजू शकतो तो घ्या. टिपरूचा मोठा घाव आणि दुसऱ्या बाजूला हाताची हलकी थाप एवढ्यावर काम भागतं. टिपरूला धम म्हणूया, हाताला टक. माझा नवख्यांसाठीचा ठेका असा असतो, आठ ठोक्यांचा:

धम – टक – धम – टक – धम – टक – टकटक – (गप्प)

एकचा धम सगळ्यात मोठा. सातवर दोन टक पटापट, म्हणजे "आता संपतंय" असा इशारा, आणि आठ रिकामा. रिकामा आठ मुद्दाम ठेवलाय, कारण त्या शांततेत सगळे पुढच्या एकची वाट बघतात. पण याच जागेवर घसरगुंडीही आहे, शांतता सहन होत नाही म्हणून ढोलवाला एकवर लवकर उडी मारतो, आणि तो लवकर आला की सगळा वर्ग त्याच्यामागे पळतो, दोन मिनिटांत वेग इतका वाढतो की वाकायलाही वेळ मिळत नाही. उपाय साधा आहे, ढोलवाल्याने आठ हा आकडा तोंडाने म्हणायचा, हात गप्प पण तोंड चालू.

वेगाचं म्हणाल तर मोबाइलवर कुठलंही मेट्रोनोम अ‍ॅप घ्या. सुरुवात मिनिटाला ७२ ठोक्यांनी करा, बसलं की ८४ आणि शेवटी ९६. मला ९६ आवडतं कारण हिशोब सोपा होतो, एक आठ बरोबर ५ सेकंदांचा, मिनिटाला १२ आठ. कार्यक्रमवाल्यांनी दोन मिनिटं दिली म्हणजे २४ आठ, कागदावर मांडून मोकळं व्हायचं.

ढोल उभा कुठे करायचा हे बरेच जण बघतच नाहीत, स्टेजच्या एका कोपऱ्यात ठेवून देतात. मोठ्या मैदानावर हे भोवतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ढोलापासून २० मीटरवरच्या मुलांना ठोका ०.०६ सेकंद उशिरा ऐकू येतो. ऐकायला काहीच नाही, पण ९६ च्या वेगाला एक ठोकाच ०.६२ सेकंदांचा असतो, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा गेला. वर त्यांच्या लेझमीचा आवाज पुढे उभ्या असलेल्या तुमच्याकडे यायला परत तेवढाच वेळ घेतो, आणि तुम्ही मागच्या रांगेला ओरडता की मागे पडताय, बिचारे बरोबर असतात. गावाकडे वाजवणारे खेळाच्या मधोमध उभे राहतात ते काही उगाच नाही. मधे ठेवला की कुणालाच फार लांब पडत नाही.

आता लेझीम, चार आवाज

चार आवाज हा पाया. मास्तरागणिक थोडा फरक असतो, मी शिकवते तो असा. होशियारला लेझीम छातीसमोर, बंद. एकला कंबरेतून वाकून लेझीम गुडघ्यांसमोर न्यायची आणि साखळी ओढून उघडायची, छन. दोनला उठता उठता कंबरेशी बंद. तीनला छातीसमोर हात पुढे करून परत उघडायची. चारला छातीशी बंद. पाच ते आठ हेच परत. म्हणजे एका आठमधे दोन चार-आवाज बसतात आणि उघडणं नेहमी विषम आकड्यावर येतं, बंद करणं समवर. हे मुलांना सांगू नका, विचारा, "लेझीम कुठल्या कुठल्या आकड्यांना उघडते?" कुणीतरी १, ३, ५, ७ म्हणतंच.

पाय आणि हात एकदम सुरू करू नका. पहिले काही आठ पाय बंद, नुसते हात. मग हात बंद, नुसते पाय. मग एका आठला हात, पुढच्या आठला पाय, असं आलटून पालटून, आणि त्यानंतर दोन्ही. वाकताना पाय चालू ठेवायला लहान मुलांना जड जातं, तिथे पाय थांबवले तरी चालतील, उठल्यावर परत धरायचे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक जण सांगतच नाहीत. लेझमीचा आवाज हात थांबल्यावर येतो. हात जागेवर पोचतो, पण साखळीतल्या चकत्या अजून धावत असतात, त्या एकमेकींवर आदळल्या की छन होतं. म्हणजे मुलाने ढोलाच्या ठोक्याबरोबर हात हलवायला सुरुवात केली तर आवाज हमखास मागे पडणार. हात ठोक्याच्या आधी निघायला हवा म्हणजे आवाज ठोक्यावर पडतो. टाळीचंही तसंच की, टाळी एकला वाजायची तर हात आठपासूनच जवळ यायला लागतात. हे पटवायला मी एक आठ नुसत्या टाळ्यांचा घेते आणि विचारते की हात कधी निघाले, मग लेझीम.

बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी तपासू नका. पाठ फिरवा आणि ऐका. सगळ्यांची एक छन आली तर जमलंय, पत्र्यावर पाऊस सुरू झाल्यासारखी तडतड आली तर नाही. तडतड आली की सगळ्यांना रगडण्यात अर्थ नाही, चार-चार जणांना वाजवायला सांगा, कुठल्या चौघांत तडतड आहे ते सापडतं, मग त्यातले दोन-दोन. बरेचदा एखादाच निघतो आणि त्याची साखळी जास्त लांब असते किंवा मूठ ढिली असते, पोराची चूकच नसते.

फ्लॅटमधे किंवा परदेशात कम्युनिटी हॉल मिळण्याआधी घरी सराव करायचा असेल तर साखळीवर जुना मोजा चढवा, आवाज दबतो, शेजारी तक्रार करत नाहीत. पण शेवटचे काही सराव मोजा काढूनच करा, आवाज ऐकल्याशिवाय वेळ साधत नाही.

चुकलं तर काय करायचं

नियम एकच आणि तो पहिल्या तासालाच सांगायचा. चुकलास तर हात थांबव, लेझीम छातीशी धर, पाय चालू ठेव आणि पुढच्या "एक"ला परत ये. मधेच घुसायचं नाही. जास्तीत जास्त पाच सेकंदांची गोष्ट आहे, प्रेक्षकांना कळतही नाही. शेजाऱ्याने चुकलेल्याकडे बघायचं नाही, "अरे असं नाही" म्हणायचं तर अजिबात नाही, कारण मग दोघं चुकतात. त्याच्यासाठी आपला "एक" मोठ्याने म्हणायचा, बस. टीम म्हणजे काय हे मुलांना इथे कळतं, भाषणाने कळत नाही.

दोन मिनिटांचं बसवणं, १६ मुलांचं

चार रांगा, प्रत्येकी चार मुलं. दोन मुलांत दीड मीटर अंतर, म्हणजे लेझीम पूर्ण उघडूनही कुणाला लागत नाही. २४ आठ असे वाटायचे:

पहिले २ आठ फक्त ढोल, मुलं होशियार, मनात मोजतायत. पुढचे ४ आठ चार आवाज. मग ४ आठ दो रुख, म्हणजे एक ते चार डावीकडे वळून, पाच ते आठ उजवीकडे वळून, हात तेच. वळताना एकला वळायला निघालात तर उशीर होतो, आठलाच टाच उचलून फिरायला सुरुवात करायची. मग ४ आठ चालत जाऊन चक्र बनवायचं, त्यानंतर ८ आठ चक्र फिरवायचं आणि शेवटचे २ आठ जागेवर चार आवाज. २ आणि ४ आणि ४ आणि ४ आणि ८ आणि २, झाले चोवीस. ही बेरीज मुलांनाच फळ्यावर करू द्या, आणि एखादी हालचाल वाढवायची असेल तर कुठला आठ कमी करायचा हेही त्यांनाच ठरवू द्या, फार भांडतात पण मोजून भांडतात.

चक्राबद्दल जरा सविस्तर, कारण सगळं तिथेच फिस्कटतं. मधे ढोल, त्याच्याभोवती अधिकच्या चिन्हासारख्या चार रांगा. सगळ्यात आतलं मूल ढोलापासून दीड मीटरवर, पुढचं तीनवर, मग साडेचार आणि बाहेरचं सहा मीटरवर. पाव फेरी घ्यायची म्हटलं तर बाहेरच्याला साधारण ९.४ मीटर चालावं लागतं आणि आतल्याला फक्त २.४. ही पाव फेरी एका आठमधे बसवायला गेलात तर बाहेरच्याला प्रत्येक पाऊल ११८ सेंटीमीटरचं टाकावं लागेल, दहा वर्षांचं पोर पळेल, नाचणार नाही. म्हणून पाव फेरीला दोन आठ द्यायचे, म्हणजे १६ पावलं. मग बाहेरच्याचं पाऊल ५९ सेंटीमीटर, त्याच्या आतल्याचं ४४, मग २९ आणि सगळ्यात आतलं फक्त १५. चार पाव फेऱ्या, प्रत्येकी दोन आठ, म्हणून चक्राला ८ आठ लागतात, ते वर आलंच.

आकडे मुलांना पाठ करायला लावू नका, पण एकदा खडूने जमिनीवर पावलं आखून चालवा. आतल्या मुलाला वाटतं आपण काहीच करत नाही, म्हणून तो मोठं पाऊल टाकतो आणि रांग धनुष्यासारखी वाकते. रांग कुठे वाकली यावरून चूक कळते. आतली बाजू पुढे असेल तर आतले घाई करतायत, बाहेरची मागे लोंबकळत असेल तर बाहेरच्याला लेझीम आणि पाय दोन्ही झेपत नाहीयेत. म्हणून सगळ्यात उंच मूल बाहेर ठेवायचं, रांगेचा वेग तोच ठरवतो, बाकीच्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेरच्याकडे बघत सरळ राहायचं. आणि चक्रात चार आवाज अजिबात नको, वाकताना बाजूचं दिसत नाही. लेझीम छातीशीच, विषमला उघड, समला मीट, एवढंच.

प्रत्येक दोन आठला बाहेरचं मूल नव्या दिशेला पोचलं पाहिजे, म्हणून मैदानावर चार दिशांना चार खुणा करा, एखादं दप्तर ठेवलं तरी चालेल. खूण आली तेव्हा "एक" आला का, हे बाहेरच्या चौघांनाच विचारा. खूण आधी आली तर पावलं मोठी, नंतर आली तर लहान. कार्यक्रमाच्या दिवशी दप्तरं नसतात, तेव्हा शेवटचे सराव खुणा काढून घ्या.

शेवटच्या आठला सातवर लेझीम डोक्यावर उघडायची आणि आठवर छातीशी बंद करून तसंच थांबायचं. इथे ढोलवाला आठला गप्प नसतो, एवढ्या एकाच वेळी तो आठवर धम देतो. त्याला याची तीनदा तरी आठवण करून द्या, कारण आधीच्या तेवीस आठांत तो आठवर गप्प राहायला शिकलेला असतो आणि हटकून विसरतो.